नव्या माणसाच्या इंडक्शनची पीपीटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना अशा औद्योगिक वसाहतींत शंभर ते तीनशे माणसांच्या कारखान्याचं एचआर सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण धरलं आहे. वाळूजमधला एक कारखाना, पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर दाबून आणि वेल्डिंग करून वाहन कंपन्यांना पुरवणारा. माणसं 180. त्यातली 70 कंपनीच्या पटावर, 95 ठेकेदाराकडची, 15 आयटीआयचे शिकाऊ. पाळ्या तीन. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण माणूस जिथं अडतो त्या जागा बहुतेक याच असतात.

पीपीटी किती स्लाइडची असावी?

चौदा पुरतात. चाळीस मिनिटांत दाखवून प्रश्नांना वीस मिनिटं उरली पाहिजेत. त्यापुढं माणूस पडद्याकडं बघतो, पण ऐकत नाही.

बहुतेक कारखान्यांतली पीपीटी ग्राहकांना दाखवायच्या पीपीटीतून कापून काढलेली असते. आधी कंपनीचा इतिहास, मग संचालकांचा संदेश, मग पुरस्कारांचे फोटो, मग ग्राहकांची बोधचिन्हं. बसची वेळ येते अडतीसाव्या स्लाइडवर, आणि तोवर सुपरवायझर दारात येऊन "पोरं सोडा की" म्हणत उभा असतो. क्रम उलटा करा. आज दिवसभर काय होणार, ही पहिली स्लाइड. त्यानंतर सुरक्षिततेच्या दोन, रचनेच्या दोन, आठवड्याच्या वेळापत्रकाची एक, हजेरी, पगार, रजा आणि कॅन्टीन-बस यांची प्रत्येकी एक, संपर्काच्या दोन, अंतर्गत समितीची एक. कंपनीचा इतिहास शेवटच्या स्लाइडवर ठेवा. वेळ उरला तर दाखवा.

कंपनीच्या रचनेचा तक्ता आमच्याकडे तयार आहे. तोच टाकला तर चालेल का?

तो तक्ता वरून खाली उतरतो. वर संचालक, मग प्लांट हेड, मग विभागप्रमुख, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत "ऑपरेटर". नवा माणूस त्या शेवटच्या चौकटीत बसलेला असतो आणि त्याच्या नेमका वर कोण, हेच त्यात सापडत नाही. आयएसओच्या ऑडिटला तो तक्ता ठेवा. पीपीटीसाठी वेगळा काढा, खालून वर जाणारा.

पहिल्या स्लाइडवर तळाला "तुम्ही" अशी चौकट. तिच्यावर लाइन लीडर, त्याच्यावर पाळीचा सुपरवायझर, मग प्रेस शॉपचा इंजिनियर, मग उत्पादन प्रमुख, सगळ्यात वर प्लांट हेड. चौकटीत पद, माणसाचं नाव आणि फोटो. फोटो गरजेचाच आहे. हेल्मेट आणि मास्क घातलेल्या पाचजणांत सुपरवायझर कोणता, हे नावावरून ओळखता येत नाही. तुमच्याकडे हुद्द्याप्रमाणे हेल्मेटचे रंग असतील तर चौकटीला तोच रंग द्या.

दुसऱ्या स्लाइडवर बाजूचे विभाग: क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, स्टोअर, डिस्पॅच, एचआर, अकाउंट्स. प्रत्येकाखाली एकच ओळ, तिथं नव्या माणसाचं काम कधी पडतं ती. स्टोअरखाली "हातमोजे, इअर प्लग इथून". टूल रूमखाली "डायला हात लावायचा नाही, यांना बोलवायचं". विभाग काय करतो याची व्याख्या लिहीत बसू नका.

एकाच माणसाचे दोन साहेब असतील तर ते कसं दाखवायचं?

हा प्रश्न क्वालिटीच्या इन्स्पेक्टरचा असतो. उभा राहतो प्रेस लाइनवर, पाळी लावतो उत्पादनाचा सुपरवायझर, पण त्याचा साहेब क्वालिटी प्रमुख. तक्त्यात साधारणपणे एक सलग रेघ आणि एक तुटक रेघ काढतात. नव्या माणसाला तुटक रेघेचा अर्थ कळत नाही आणि विचारायला तो लाजतो.

रेघेशेजारी लिहा. सलग रेघेवर "माल पास की नापास, रजा, कामाची पाहणी: क्वालिटी प्रमुख". तुटक रेघेवर "कुठल्या मशीनवर उभं राहायचं, जेवणाची सुट्टी कधी: पाळी सुपरवायझर". ही विभागणी अशी का, तेही एका वाक्यात सांगा. महिन्याच्या शेवटी डिस्पॅचची घाई असते तेव्हा बरवाला भाग "जाऊ दे" म्हणून सोडायचा दबाव उत्पादनाकडूनच येतो. ज्याच्या हातात रजा त्याच्याच हातात माल पास करणं दिलं, तर इन्स्पेक्टर नाही म्हणू शकत नाही. हे पहिल्या आठवड्यात न सांगितल्यास इन्स्पेक्टर सुपरवायझरचं ऐकतो, आणि ग्राहकाकडून माल परत आला की खुलासा त्यालाच द्यावा लागतो.

सुरक्षा अधिकारी असेल तर त्याची रेघही याच कारणासाठी थेट प्लांट हेडकडं जावी. तुमच्याकडं ती उत्पादन प्रमुखाकडं जात असेल तर पीपीटीआधी रचनाच दुरुस्त करायला हवी.

ठेकेदाराच्या माणसांना हीच पीपीटी दाखवायची का?

सुरक्षितता, बस, कॅन्टीन, अंतर्गत समिती या स्लाइड त्याच. रचना, पगार आणि संपर्क वेगळे. पगार, पीएफ, ईएसआय, रजा यांसाठी त्याचा पहिला माणूस ठेकेदाराचा सुपरवायझर; मशीन, अपघात, क्वालिटी यांसाठी कंपनीचा लाइन लीडर. हे दोन रंगांत दाखवलं की पुरतं. ते न केल्यास सात तारखेला ठेकेदाराची वीसेक माणसं एचआरच्या दाराशी येतात. एचआर म्हणतं ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीनं बिल दिलं नाही. मूळ मालक म्हणून कंपनीची जबाबदारी सुटत नाही, त्यामुळं ठेकेदाराकडं न सुटलेली तक्रार एचआरमध्ये कुणाकडं आणायची तेही नावानिशी लिहा.

शिकाऊंना वेगळं सांगावं लागतं की शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली त्यांना मिळतं ते विद्यावेतन, आणि त्यातून पीएफ-ईएसआय कापलं जात नाही. शेजारच्या माणसाच्या स्लिपशी आपली स्लिप ताडून बघत ते "आपला पीएफ खाल्ला" अशी समजूत करून घेतात.

पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक कसं आखावं?

वारांऐवजी "दिवस 1, दिवस 2" असं लिहा. सगळेच सोमवारी रुजू होत नाहीत, आणि सगळ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही नाही. रुजू व्हायचे वार मात्र आठवड्यातून दोनच ठेवा, म्हणजे इंडक्शन एकेकट्यासाठी उरकलं जात नाही.

दिवस 1 जनरल पाळीत, भले माणूस पुढं रात्रपाळीला जाणार असो. 8:45 ला गेट. आदल्या संध्याकाळी नावांची यादी सिक्युरिटीकडं गेलेली असली पाहिजे, नाहीतर पोरगा बॅग घेऊन अर्धा तास उन्हात उभा राहतो आणि कंपनीची पहिली ओळख तीच होते. 9 ते 10:30 कागदपत्रं, फोटो, हजेरीच्या मशीनवर नोंद. 10:45 ते 11:45 पीपीटी. मग दुपारपर्यंत सुरक्षा प्रशिक्षण, 1 वाजता कॅन्टीन, आणि कॅन्टीनला कुणीतरी सोबत. ही सोबत लहानशी बाब वाटते, पण कूपन कुठं फाडायचं हे ठाऊक नसल्यानं पहिल्या दिवशी उपाशी राहणारी माणसं असतात. दुपारी शॉपची फेरी: आपत्कालीन दरवाजा, जमायची जागा, प्रथमोपचार पेटी, पाण्याचा कूलर, स्वच्छतागृह. एप्रिल-मेमध्ये रुजू होणाऱ्यांना कूलर आणि ओआरएस कुठं ठेवलंय ते आधी दाखवा. प्रेस शॉपच्या पत्र्याच्या छताखाली बाहेरपेक्षा जास्तच तापतं.

दिवस 2 ला आपल्या विभागात, पण हात न लावता बघणं. आदल्या आणि पुढच्या मशीनवर माल कसा येतो-जातो ते दाखवायचं. दिवस 3 ते 5 जोडीदारासोबत. हा जोडीदार आधीच ठरलेला असावा आणि त्यानं नव्या माणसासाठी दिलेला वेळ त्याच्या उत्पादनाच्या आकड्यातून वजा व्हावा. तसं न केल्यास तो शिकवत नाही, "तिकडं बस" म्हणतो. दिवस 6 ला लाइन लीडर आणि एचआर मिळून अर्धा तास बोलणं, आणि त्यानंतरच पुढच्या आठवड्याची पाळी लावणं.

बुटांचं माप रुजू होण्याआधीच फोनवर विचारून घ्या. सेफ्टी शूज स्टोअरमध्ये आठ आणि नऊचेच पडून असतात आणि सहा किंवा अकरावाला माणूस नेमका त्या दिवशी येतो. मग तो चपलेवर शॉपमध्ये शिरतो किंवा दोन दिवस ऑफिसात बसून राहतो. वेळापत्रक इथंच फिसकटतं.

माणसं कमी आहेत. पहिल्याच दिवशी मशीनवर उभं केलं तर?

करू नका. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांची बटणं आणि लाइट कर्टन कशासाठी आहेत हे न कळलेला माणूस, शेजारच्यानं बटणात खोचलेली काडी बघून तीच पद्धत शिकतो. शिवाय त्याची ईएसआय नोंदणी झालेली नसते. कायद्यानं नोंदणीला रुजू झाल्यापासून 10 दिवसांची मुदत आहे, आणि म्हणून बरेच जण दहाव्या दिवसाची वाट बघतात. तिसऱ्या दिवशी बोट सापडलं तर दवाखान्यात पहिला प्रश्न विमा क्रमांकाचा येतो. क्रमांक पहिल्याच दिवशी ऑनलाइन निघतो. तो काढून e-Pehchan कार्डाची प्रिंट हातात दिल्याशिवाय शॉपमध्ये पाठवायचं नाही, असा नियम वेळापत्रकातच लिहा.

कागदपत्रांची कोणती अडचण सगळ्यात जास्त येते?

नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. वर इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा: एकीकडं Dnyaneshwar, दुसरीकडं Gyaneshwar. पीएफच्या नोंदी आधारशी जुळवल्या जातात, म्हणून कंपनीच्या नोंदीतही आधारवरचंच नाव, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं घाला. दहावीचं प्रमाणपत्र बघून नाव टाइप करायची एचआरची जुनी सवय इथं नडते. ही चूक लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी माणूस नोकरी सोडून पीएफ काढायला जातो आणि दावा परत येतो, तेव्हा दिसते.

दुसरी अडचण मोबाइलची. 1 ऑगस्ट 2025 पासून नवा UAN साधारणपणे UMANG ॲपवर चेहरा पडताळून काढावा लागतो. त्यासाठी AadhaarFaceRD हे ॲप लागतं, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बऱ्याचदा गावाकडं भावाच्या हातात असतो किंवा रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला असतो. म्हणून ऑफर लेटरसोबतच कळवा: "आधारला जोडलेला नंबर चालू असलेला मोबाइल सोबत आणा. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जोडून घ्या." आधी कुठं नोकरी केली असेल तर जुना UAN विचारा. माणूस "नाही" म्हणाला तरी ठेकेदाराकडं चार महिने काम केलं होतं का, हे वेगळं विचारा. बहुतेकांच्या लेखी ती नोकरी नसतेच.

हजेरीच्या स्लाइडवर काय असावं?

मशीनचा फोटो, कुठल्या गेटवर आहे, आणि पंच राहिला तर काय करायचं, इतकंच. येताना एक आणि जाताना एक, असे दोन पंच. एक राहिला की संगणक त्या दिवशी गैरहजेरी किंवा अर्धा दिवस धरतो. मिस-पंचचा फॉर्म दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या सहीनं एचआरकडं, महिनाअखेरीस एकगठ्ठा नाही.

बोटांचे ठसे घेत असाल तर दोन्ही हातांची मिळून निदान दोन बोटं नोंदवा. विटा, ऊस, वेल्डिंग अशी कामं केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि एकाच बोटावर भरवसा ठेवला तर रोज गेटवर रांग खोळंबते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दिवशीचे पंच संगणकावर उमटलेत का ते एचआरनं स्वतः बघावं. मशीनमधला कोड आणि पगाराच्या यादीतला कोड वेगळा पडला असेल तर तो तेव्हाच सापडतो. नाहीतर पगाराच्या दिवशी माणूस महिनाभर गैरहजर निघतो.

पगाराची स्लाइड दाखवावी का? लोक लगेच तुलना करतात.

तुलना ते तसंही बसमध्ये करतातच. स्लाइडवर एक कल्पित पगार घेऊन कपात उलगडून दाखवा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, इतर भत्ते धरून एकूण 19,500. पीएफ 14,000 च्या 12 टक्के, म्हणजे 1,680. एकूण पगार 21,000 च्या आत असल्यानं ईएसआय लागू. 19,500 च्या 0.75 टक्के 146.25 होतात, ते पुढच्या रुपयात धरून 147. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात 17,473. महिला कर्मचाऱ्याला महाराष्ट्रात 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळं तिच्या हातात 17,673. हा दोनशेचा फरक आधीच सांगून टाका.

पहिल्या पगाराबद्दल वेगळी ओळ हवी. हजेरी 25 तारखेला बंद होत असेल आणि माणूस 27 ला रुजू झाला, तर त्याचे ते चार-पाच दिवस पुढच्या महिन्यात ढकलायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. खोलीचं डिपॉझिट देऊन बजाजनगरात किंवा रांजणगावात राहायला आलेल्या माणसाला ती महागात पडते. त्या दिवसांचा पगारही सात तारखेच्या आत देऊन, हजेरीत फरक निघालाच तर पुढं वळता करणं बरं. काहीही ठरवलं असलं तरी "तुमचा पहिला पगार अमुक तारखेला, अमुक दिवसांचा" हे पहिल्या दिवशीच सांगा.

संपर्काची यादी विभागवार लावावी की पदांप्रमाणे?

दोन्ही नको. अडचणीप्रमाणे लावा. मशीन बंद पडलेला माणूस "मेंटेनन्स विभाग" शोधत नाही, "मशीन बंद" शोधतो. आणि प्रत्येक ओळीला दुसरा माणूस हवाच, कारण पहिला रजेवर असतो तेव्हाच गरज पडते. आमच्या उदाहरणातली स्लाइड साधारण अशी:

| काय झालं | आधी कुणाला | तो नसेल तर | रात्री |
|---|---|---|---|
| मला किंवा शेजाऱ्याला लागलं | लाइन लीडर | पाळी सुपरवायझर | सुपरवायझर, मग गेट. रुग्णवाहिका 108 |
| आग, धूर, गॅसचा वास | जवळचा आपत्कालीन बजर | गेट | गेट. अग्निशमन 101 किंवा 112 |
| मशीन बंद, विचित्र आवाज | लाइन लीडर | मेंटेनन्स पाळी इंजिनियर | मेंटेनन्सचा रात्रीचा फोन |
| माल बरोबर आहे का शंका | लाइनवरचा इन्स्पेक्टर | क्वालिटी पाळी इंजिनियर | इन्स्पेक्टर. तोवर माल लाल ट्रेमध्ये |
| आज येता येत नाही | सुपरवायझर, पाळीच्या 2 तास आधी | टाइम ऑफिस | गेट नोंद घेतं |
| पंच राहिला, पगारात फरक | टाइम ऑफिस | एचआर | दुसऱ्या दिवशी |
| बस चुकली | ट्रान्सपोर्टचा माणूस | गेट | गेट |

प्रत्येक खान्यात पदाखाली नाव आणि नंबर. "माल लाल ट्रेमध्ये" असल्या सूचना संपर्काच्या यादीत शोभत नाहीत असं कुणी म्हणेल, पण रात्री दोन वाजता माणूस ही एकच स्लाइड मोबाइलवर उघडतो. तिथं लगेच काय करायचं ते असू द्या.

रात्रीचा रकाना खरंच लागतो का?

तीन पाळ्या असतील तर लागतोच. एचआर, सुरक्षा अधिकारी, अकाउंट्स, ट्रान्सपोर्ट ही सगळी माणसं जनरल पाळीची. संध्याकाळी सहानंतर यादीतले बहुतेक नंबर घरी गेलेले असतात. कारखान्यात रात्रभर नक्की असतात ते पाळी सुपरवायझर आणि गेट. त्यामुळं गेटवर रुग्णवाहिका, जवळचा ईएसआयचा किंवा कंपनीशी ठरलेला दवाखाना, आणि रात्री उठवायच्या दोन वरिष्ठांचे नंबर भिंतीवर लावलेले हवेत, आणि सिक्युरिटीच्या नव्या माणसालाही तुमची पीपीटी दाखवलेली हवी. रात्री अकराला यादीतले सगळे नंबर एकदा फिरवून बघा. किती लागले ते कळेल.

अंतर्गत समितीची स्लाइड पुरुषांच्या बॅचलाही दाखवायची?

हो. 10 किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. समितीचा आदेश आणि छळाचे परिणाम दिसेल अशा जागी लावणं ही मालकाची जबाबदारी आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, ही मुदत स्लाइडवर मोठ्या अक्षरांत हवी. ठेकेदाराच्या महिला, शिकाऊ मुली, कॅन्टीनमधल्या आणि साफसफाईच्या ताईसुद्धा याच समितीकडं तक्रार करू शकतात, हेही लिहा. त्यांना वाटतं ही सोय फक्त ऑफिसातल्या मॅडमसाठी आहे.

सदस्यांची नावं चालू आहेत का, ते दर वेळी तपासा. सोडून गेलेल्या मॅडमचं नाव स्लाइडवर तसंच राहणं ही नेहमीची गोष्ट.

सगळ्यांचे मोबाइल नंबर पीपीटीत घालायचे का?

पीपीटी दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फिरते, हे गृहीत धरून ठरवा. खासगी नंबर, विशेषतः महिला सहकाऱ्यांचे, घालू नका. कंपनीचं सिम, टेबलावरचं एक्स्टेंशन आणि गेटचा नंबर यांवर भागवा. ज्याचा खासगी नंबर घालावाच लागेल त्याला आधी विचारा. आणि एक ओळ लिहा: एचआर कधीही फोनवर ओटीपी मागत नाही. नव्या माणसाचं बँक खातं, आधार, पीएफ सगळं एकाच आठवड्यात हलत असतं, आणि फसवणुकीचा फोन तेव्हा खरा वाटतो. पैसे गेलेच तर लगेच 1930.

बसच्या स्लाइडवर काय चुकतं?

थांब्याची नावं. मुक्कामाला आलेला परभणी-हिंगोलीचा माणूस "पंढरपूर" वाचून चक्रावतो. त्याला वाळूजजवळचं पंढरपूर ठाऊक नसतं. "वाळूज पंढरपूर, तिरंगा चौक" असं लिहा. बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, क्रांती चौक, सिडको बसस्थानक अशा थांब्यांना रस्त्याची बाजूही सांगा, कारण पलीकडच्या बाजूला उभं राहून बस गेलेली बघणारे दर बॅचला निघतात. वेळ बस पोचायची नाही, सुटायची लिहा.

मराठी की इंग्रजी?

मराठी, आणि उत्तर भारतातली माणसं असतील तर तीच हिंदीत वेगळी. एका स्लाइडवर दोन भाषा कोंबल्या की अक्षर बारीक होतं. शब्द मात्र शॉपमधल्या पाटीवर आहेत तेच वापरा. पाटीवर "डिस्पॅच" असताना स्लाइडवर "प्रेषण विभाग" लिहिलं तर माणूस तो शोधतच राहील.

जुन्या पीपीटीत मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळं गिचमीड होतं. युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा; Nirmala UI किंवा Mangal विंडोजवर बहुधा असतातच. दुसरा फॉन्ट वापरला असेल तर फाइल जतन करताना `File > Options > Save > Embed fonts in the file` हे चालू करा. माणसांना पाठवायची ती पीडीएफ. अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको. कॅन्टीनमध्ये दुपारच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो आणि मागच्या बाकावर काही दिसत नाही.

पीपीटी जुनी पडते, ती कशी आवरायची?

जुनी पडतात त्या दोनच गोष्टी: नावं आणि नंबर. म्हणून रचना आणि संपर्क यांच्या चारच स्लाइड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बघा. फाइलच्या नावात महिना असू द्या, `Induction_2026-07.pdf` असा, आणि पहिल्या स्लाइडच्या तळाशी "दुरुस्ती कोण करतं" त्याचं पद. एचआरमधून माणूस नोकरी सोडून जाताना मूळ फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहून जाते आणि पुढं वर्षभर सगळे पीडीएफवर चिकटपट्ट्या लावत बसतात. मूळ फाइल सामाइक फोल्डरमध्ये ठेवा.

छापील प्रत गेटवर आणि कॅन्टीनच्या फलकावर लावली असेल तर नवी लावताना जुनी काढून आणा. दोन तारखांच्या दोन याद्या शेजारी शेजारी लटकलेल्या असल्या की माणूस वरची वाचतो, आणि वर बहुधा जुनीच असते.

माणसाला समजलं की नाही हे कसं ओळखायचं?

"समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि सही तर पीपीटी सुरू व्हायच्या आधीच घेतलेली असते. सही शेवटी घ्या. दिवस 6 च्या बोलण्यात कागद बाजूला ठेवून पाच प्रश्न विचारा: तुमच्या लाइन लीडरचं नाव काय, रात्री लागलं तर आधी कुणाला, पंच राहिला तर काय करायचं, आपत्कालीन दरवाजा हातानं दाखवा, पहिला पगार किती तारखेला, किती दिवसांचा.

एखाद्याला एक उत्तर आलं नाही तर त्याला सांगा. तिघाचौघांना तेच आलं नाही तर दोष स्लाइडचा आहे, ती बदला. आणि दरवाजा दाखवायला माणूस उठला की त्याच्यासोबत तिथवर चालत जा, कारण दरवाजापुढं मालाच्या ट्रॉल्या लावून ठेवलेल्या आढळणं हे मराठवाड्यातच काय, कुठल्याही प्रेस शॉपमध्ये होतं.